ओवलेला मणी आणि चढवलेला मणी: सुयांवरच्या विणकामात कुठे काय वापरावं

विणलेल्या स्टोलवर मणी दिसले की बघणाऱ्याला ते सगळे सारख्याच पद्धतीने लावल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात पद्धती दोन आहेत. एकीत सगळे मणी विणायच्या आधीच लोकरीत ओवून ठेवतात आणि हवा तिथे एकेक पुढे सरकवतात. दुसरीत लोकर मोकळीच असते. मण्याचा टाका आला की क्रोशाच्या अगदी बारीक सुईने तो मणी त्या एका टाक्यावर चढवतात.

कोणती पद्धत वापरली आहे ते मण्याच्या छिद्रावरून ओळखता येतं. ओवलेल्या मण्याचं छिद्र आडवं असतं, कारण तो दोन टाक्यांना जोडणाऱ्या धाग्यावर बसलेला असतो. लोकर एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, म्हणजे छिद्रात लोकर एकेरी असते. चढवलेल्या मण्याचं छिद्र उभं असतं आणि त्यातून टाक्याचे दोन्ही पाय वर जातात, म्हणजे लोकर दुहेरी असते. पुढचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

एक नमुना धरून पाहू. ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत जाड लोकर सोसत नाही. एसी ऑफिसात किंवा एसी लोकलमध्ये खांद्यावर घ्यायला तीन पदरी बेबी वूलचा हलका स्टोल पुरतो. १० सेंटीमीटरला २४ टाके बसत असतील तर ७७ टाक्यांत साधारण ३२ सेंटीमीटर रुंदी मिळते. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके सोडून मधल्या ७१ टाक्यांवर मणी येतील. पहिल्या मणी-ओळीत ५ टाके साधे, मग ‘१ मणी, ५ साधे’ हे ११ वेळा. दुसऱ्या मणी-ओळीत २ साधे, मग ‘१ मणी, ५ साधे’ ११ वेळा, शेवटी १ मणी आणि २ साधे. म्हणजे एका ओळीत ११ मणी आणि पुढच्या मणी-ओळीत १२. दर चौथ्या ओळीला मणी घेत अशा सहा मणी-ओळी केल्या तर एका टोकाला ६९ आणि दोन्ही टोकांना मिळून १३८ मणी लागतात. मणी ६/० मापाचे, साधारण ४ मिलिमीटरचे घ्यावेत. या विणीत एक टाकाही जवळपास तेवढाच रुंद असतो, त्यामुळे मणी टाक्याच्या जागेत नीट बसतो.

ओवायचं असेल तर शिवणाच्या सुईत बारीक दोरा दुहेरी घालून टोकाला गाठ मारावी आणि त्या फाशात लोकरीचं १०-१५ सेंटीमीटर टोक अडकवावं. मणी सुईवर घेऊन दोऱ्यावरून लोकरीवर ढकलत जावेत. लोकर दुमडलेल्या जागी काही मणी अडतील. ते जबरदस्तीने ओढू नयेत, बाजूला काढावेत. दोन-तीन रंग असतील तर नमुना शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत ओवावं, कारण शेवटी ओवलेला मणी विणताना सगळ्यात आधी येतो.

सुलट बाजूवर ओवलेला मणी नुसता दोन टाक्यांमध्ये सोडला तर तो मागे घसरतो. म्हणून मण्याची जागा आली की लोकर पुढे आणावी, एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्यावा, मणी त्या टाक्यासमोर सरकवावा, लोकर मागे नेऊन पुढचा टाका सुलट विणावा. मण्यामागची लोकर मण्याच्या रुंदीएवढीच ठेवावी. जास्त सुटली तर मणी लोंबतो, जास्त ओढली तर वीण आकसते.

या पद्धतीत लोकर झिजते. दुसऱ्या टोकाचे ६९ मणीसुद्धा सुरुवातीलाच ओवले तर ते जवळजवळ पूर्ण लोकरीवरून घासत जातील आणि बेबी वूलवर लव उठेल. ते मणी शेवटच्या गुंडीवरच ओवावेत. मोजताना एखादा मणी जास्त झाला तर त्याच्या छिद्रात जाड सुई घालून तो आतून फोडता येतो. त्या वेळी वर रुमाल धरावा. पक्कड वापरली तर फुटलेली काच लोकर कापू शकते. मणी कमी पडला तर मात्र बहुधा लोकर तोडावी लागते.

चढवण्याच्या पद्धतीत हे मोजमाप नाही, ओढाताणही नाही. इथे त्रास होतो तो लोकर फाटण्याचा, म्हणजे क्रोशाच्या सुईच्या आकड्यात लोकरीच्या तीनपैकी दोनच पदर येण्याचा. बहुतेक वेळा कारण एकच असतं: सुई गरजेपेक्षा बारीक असते आणि तिच्या खाचेत पूर्ण लोकर मावत नाही. म्हणून सगळ्यात बारीक सुई शोधू नये. मण्यातून जाईल ती सगळ्यात जाड सुई घ्यावी. ६/० मण्याला बहुतेक वेळा १ मिलिमीटरची स्टीलची सुई चालते. ८/० मण्याला ०.७५ किंवा त्याहून बारीक सुई लागते आणि तीन पदरी लोकरीला ती अपुरी पडते.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून सुटे काचेचे मणी आणले तर एकाच पुडीतल्या मण्यांची छिद्रं कमी-जास्त असू शकतात. विणायच्या आधीच प्रत्येक मणी सुईवर घालून पाहावा आणि अडणारे वेगळे करावेत. टाका अर्धा बाहेर काढल्यावर मणी अडला तर तिथेच पदर सुटतात.

मणी आधी सुईच्या दांड्यावर घ्यावा. डाव्या सुईवरच्या पुढच्या टाक्यात आकडा उजवीकडून घालावा, तिन्ही पदर खाचेत आलेत हे पाहावं आणि मगच टाका डाव्या सुईवरून सोडावा. डाव्या हाताच्या चिमटीत टाक्याखालची वीण धरून ती किंचित खाली ओढावी आणि आकडा वर धरावा. टाका असा ताठ असतानाच मणी आकड्याच्या डोक्यावरून खाली सरकवावा. ताठ टाका खाचेत दाबून बसतो, त्यामुळे मण्याच्या कडेला पदर अडकायला जागाच राहत नाही. टाका सैल सोडला की मण्याची कड एखादा पदर खाली खरवडून नेते. मग टाका डाव्या सुईवर परत घ्यावा, त्याचा उजवा पाय पुढे ठेवावा आणि सुलट विणावा. पाय उलटा बसला तर टाक्याला पीळ पडतो आणि मणी तिरका दिसतो.

विणण्याआधी मण्याच्या बुडाशी एकदा नजर टाकावी. एखादी बारीक तार मण्याच्या बाहेरून गेलेली दिसली तर पदर सुटला आहे. त्याच क्षणी मणी वरून काढून पुन्हा चढवावा. पुढे ओळी विणल्या गेल्या की तीच तार सैल फास होऊन बाहेर येते आणि बांगडीत किंवा पर्सच्या चेनमध्ये अडकते.

लोकर फारच सैल पिळाची असेल तर आकडा बाजूला ठेवून तंगूस घ्यावा. साधारण १५ सेंटीमीटरचा बारीक तुकडा टाक्यातून घालून दुमडावा, त्याची दोन्ही टोकं मण्यातून ओवावी, टाका सुईवरून सोडावा आणि टोकं ओढत मणी टाक्यावर ढकलावा. तंगूसला आकडा नसल्याने पदर वेगळे होत नाहीत. वेळ थोडा जास्त लागतो, पण सुती धाग्यालाही हाच उपाय लागू पडतो, कारण गुळगुळीत सुताचे पदर आकड्यावर पटकन सुटतात.

या स्टोलसाठी मणी चढवावेत. १३८ मणी विरळ विखुरलेले आहेत, लोकर मऊ आहे, आणि चढवताना टाके न विणता सोडावे लागत नसल्याने सुलट विणीचा पोत मध्येच बदलत नाही. मनगटपट्टी किंवा बटव्यासारखं काम असेल, जिथे सगळ्या ओळी सुलट विणून दोन टाक्यांमध्ये दाट मणी बसवायचे आहेत, तिथे घट्ट पिळाच्या लोकरीवर आधी ओवणंच योग्य. तिथे प्रत्येक मण्यापाशी थांबून आकडा उचलला तर हाताची लय तुटते. शिवाय उभ्या छिद्राचे मणी तिथे ओळीत शेजारी-शेजारी नीट लागत नाहीत.