ukf'kd म्हणजे नाशिक: जुनी फाइल युनिकोडमध्ये नेताना

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष उत्पादक संस्थेचा जुना वार्षिक अहवाल नाशिकच्या नव्या कॉम्प्युटरवर उघडला, की शीर्षकात `ukf'kd` दिसतं आणि पुढे पानभर तसलंच. ही फाइल बिघडलेली नाही. ती कृतिदेव 010 या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, इतकंच.

त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम 256 जागा असत. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले. फाइलमध्ये साठतो तो `d`. त्याच्या जागी क चं चित्र दाखवायचं काम फॉन्ट करतो. युनिकोडमध्ये मात्र क ला स्वतःचा क्रमांक आहे, U+0915, आणि फॉन्ट बदलला तरी तो क च राहतो.

मग `d` च्या जागी क, `u` च्या जागी न अशी अदलाबदल केली की झालं? `nzk{k` हा शब्द घ्या. हा द्राक्ष. यात `k` दोनदा येतो. पहिला `k` म्हणजे काना. दुसरा मात्र `{` या अर्ध्या क्ष ला पूर्ण करणारा दंड आहे. आधी सगळे `k` काना करून टाकले, तर क्ष कधीच जुळत नाही. म्हणून लांब जोड्या आधी बदलायच्या: `{k` चा क्ष, `'k` चा श, `"k` चा ष. उरलेल्या `k` चा काना त्यानंतर.

दुसरी अडचण क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. `fLFkrh` मध्ये ऱ्हस्व वेलांटीचा `f` सर्वांत आधी आहे. तो एक अक्षर पुढे सरकवून भागत नाही, अख्खा स्थ ओलांडून न्यावा लागतो; तेव्हा स्थिती हा शब्द मिळतो. रफाराचं उलट. `o"khZ` मध्ये `Z` शेवटी आहे, तो वेलांटी आणि ष ओलांडून मागे आणला की वर्षी होतं.

आता मांडणी. मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकला, तर शब्द येतात, पण खर्चाचे तक्ते आणि ठळक मथळे जातात. मांडणी राखायची तर फाइलच्या आत काम करावं लागतं. डीओसीएक्स फाइल ही खरं तर झिप असते. तिच्यातला मजकूर लहान तुकड्यांत असतो आणि प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट, आकार, ठळकपणा त्याच्यासोबत किंवा त्याच्या स्टाइलमध्ये लिहिलेला असतो. ज्या तुकड्याचा फॉन्ट कृतिदेव आहे तेवढाच बदलायचा. नाहीतर टाइम्स न्यू रोमनमधल्या इंग्रजी Nashik चाही ‘छं’ने सुरू होणारा निरर्थक शब्द करून कन्व्हर्टर पुढे जातो. वर्ड कधीकधी एकाच शब्दाचे दोन तुकडे करतं, `f` एकीकडे आणि `LFk` दुसरीकडे. तेव्हा सारख्या रूपाचे शेजारचे तुकडे आधी जोडून घ्यायला हवेत.

एवढं करूनही मथळ्यांचा ठळकपणा नाहीसा होतो आणि आकार बदलतो. बऱ्याच जणांना इथे कन्व्हर्टर चुकला असं वाटतं. कारण वेगळं आहे. वर्डच्या लेखी कृतिदेवचा मजकूर इंग्रजी होता, युनिकोडचा मजकूर देवनागरी आहे. आणि देवनागरीसाठी वर्ड वेगळ्या खुणा वाचतं:

```xml
<w:rFonts w:cs="Mangal"/>
<w:b/><w:bCs/>
<w:sz w:val="32"/><w:szCs w:val="26"/>
```

ज्यांच्या नावात `cs` किंवा `Cs` आहे त्या खुणा देवनागरीच्या. `b` आहे पण `bCs` नाही, तर मथळा साधा दिसणार. आकार अर्ध्या पॉइंटांत मोजतात, म्हणजे 32 म्हणजे 16 पॉइंट. त्याच पॉइंटला कृतिदेवची अक्षरं मंगल या युनिकोड फॉन्टपेक्षा लहान दिसतात. 32 तसाच ठेवला तर तक्त्यातल्या ओळी तुटतात आणि पानं वाढतात. वरचा 26 हा केवळ नमुना आहे. एक लांब ओळ जुन्या छापील प्रतीवर मोजावी आणि नवी ओळ तेवढीच रुंद होईपर्यंत आकडा कमी करत जावा. सगळी पानं मात्र तंतोतंत जुळत नाहीत, कारण ओळींमधलं अंतर प्रत्येक फॉन्टचं आपापलं असतं.

शेवटी एक तपासणी खास मराठीसाठी, आणि ती मी कधीच टाळू देत नाही. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ करून ठेवू शकतात. युनिकोडमध्ये हा र नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असा लिहितात. साधा र घातला तर य वर रफार चढतो. तयार फाइलमध्ये ‘र्य’ शोधावं आणि एकेक जागा डोळ्यांनी पाहावी. कार्य, सूर्य, आचार्य बरोबर आहेत, त्यांना हात लावू नये. म्हणूनच ‘सगळे बदला’ हे बटण इथे दाबायचं नाही.