बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस का गळतात आणि कधी थांबतात

घरात तीन-चार महिन्यांचं बाळ असेल आणि केस गळतात म्हणून तुम्ही आमच्या तेलाची बाटली घेतली असेल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. ही गळती तेलाने थांबत नाही. आमच्याही नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. तेलाने केस मऊ राहतात, विंचरताना गुंता कमी होतो, डोक्याला मालिश होऊन बरं वाटतं. त्यापलीकडचं काम शरीर स्वतः करतं. ते कसं, हे ठाऊक नसलं की बाटल्या, शॅम्पू आणि पैसे उगाच बदलत राहतात, म्हणून हे पत्रक.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग वाढ थांबवून सुमारे तीन महिने मुळाशी नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. एरवी दहातला एक केस असा बसलेला असतो. म्हणजे दहा हजार केस शंभर दिवसांत गळणार, दिवसाला शंभरच्या आसपास. हे रोज चालूच असतं, आपलं लक्ष जात नाही इतकंच.

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप वाढतं आणि त्याच्या प्रभावामुळे केस वाढीच्या अवस्थेतच रेंगाळतात. गळायला हवे होते तेही डोक्यावर राहतात. सातव्या-आठव्या महिन्यात अनेकींचा शेपटा भरदार दिसतो, त्याचं कारण हेच. हे इस्ट्रोजेन त्या काळात मुख्यतः वारेतून येतं. प्रसूतीनंतर वार पडली की काही दिवसांतच त्याची पातळी झपाट्याने खाली येते आणि थांबवून ठेवलेले केस मोठ्या संख्येने एकदम विश्रांतीत जातात. समजा दहातले तीन केस असे गेले, तर वरच्याच हिशेबाने दिवसाला तीनशे केस गळतील. प्रसूतीचा ताण, रक्तस्राव आणि झोपेची वाट लागणं यांचीही त्यात भर पडते. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात.

फसगत होते ती मधल्या तीन महिन्यांमुळे. समजा बाळंतपण १० जानेवारीला झालं. महिना संपेपर्यंत केसांची वाढ थांबलेली असते, पण आरशात काहीच कळत नाही. गळायला सुरुवात होते एप्रिलच्या मध्यावर. तोवर बाळंतीण माहेरून सासरी आलेली असते, त्यामुळे पहिला संशय सासरच्या बोअरिंगच्या पाण्यावर, दुसरा नव्या शॅम्पूवर. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात. कारण म्हणून ते चूक, पण वेळेचं निरीक्षण अचूक आहे, कारण बाळ खळखळून हसू लागतं तेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच. खरं कारण जानेवारीत घडून गेलेलं असतं. दूध पाजण्याचाही यात दोष नाही, केसांसाठी अंगावरचं दूध तोडू नका.

याच बाईचा पुढचा हिशेब असा. मे महिन्यात गळती सगळ्यात जास्त असेल आणि कानशिलांजवळ विरळपणा दिसेल. जुलै-ऑगस्टपर्यंत ती बहुधा ओसरू लागेल. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे पुढच्या जानेवारीपर्यंत, ती पूर्ववत व्हायला हवी. त्याआधीच कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसू लागतात. ते तुटलेले समजून बऱ्याच जणी घाबरतात, पण टोक निमुळतं असेल तर तो नवा उगवलेला केस आहे. गळालेला केसही एकदा निरखून पाहा. मुळाशी बारीक पांढरी गाठ दिसली तर तो आपला काळ संपवून गळलेला आहे. अशा वेळी मूळ डोक्यात शाबूत असतं आणि तिथूनच नवा केस येतो.

गळती थांबली तरी शेपटा लगेच जाड होत नाही, हे मात्र आधीच लक्षात घ्या. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. एप्रिलमध्ये गळलेल्याच्या जागी आलेला केस जानेवारीत फार तर आठ-नऊ सेंटीमीटर असेल, म्हणजे शेपट्यात तो धरलाच जाणार नाही. कंबरेपर्यंतच्या केसांना पुन्हा खालपर्यंत भरायला काही वर्षं लागतात. खांद्यापर्यंत कापून घेतले तर विरळपणा कमी दिसतो. गळती त्यानेही कमी होत नाही, पण आमच्या मते तेलापेक्षा हा उपाय जास्त कामाचा आहे.

केस धुवायला घाबरू नका. सुटलेला केस धुतला नाही तरी गळणारच. चार दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलं की चार दिवसांचे केस एकदम हातात येतात आणि न्हाणीघराची जाळी तुंबते, म्हणून ते जास्त वाटतात. ओले केस ओढून विंचरू नका आणि आंबाडा घट्ट बांधू नका.

खाण्यात डिंकाचे, आळिवाचे लाडू जरूर घ्या, पण लोहाच्या गोळ्यांची जागा ते घेत नाहीत. सरकारी कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस लोह आणि फोलिक अॅसिडची गोळी सांगितलेली आहे, आणि सव्वा महिना झाला की ती बंद करणाऱ्या पुष्कळ जणी आम्हाला भेटतात. ती चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, लोह कमी शोषलं जातं. बायोटिनच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. त्यांचा डोस मोठा असेल तर थायरॉइडच्या रक्ततपासणीचा निकाल चुकीचा येऊ शकतो. केस उगवण्याचं मिनॉक्सिडिल हे औषधही अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

काही वेळा मात्र थांबून चालत नाही. बाळ वर्षाचं झालं तरी गळती तशीच आहे, भांग रुंदावत चालला आहे, नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली आहे किंवा टाळूला खाज आणि खपल्या आहेत, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. केसांबरोबर सतत थकवा, छातीत धडधड, नेहमीपेक्षा जास्त थंडी किंवा घाम, कारण नसताना वजनात बदल असं काही असेल, तर वर्ष सरायची वाट पाहू नका. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइडसाठीचं टीएसएच तपासायला सांगा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींच्या थायरॉइडला सूज येते. तिचा थकवा जागरणाच्या थकव्यासारखाच वाटतो, त्यामुळे ती अंगावर काढली जाते.

गळणाऱ्या केसांचा खरा धोका बाळाला असतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आईचा लांब केस दुपट्यात किंवा मोज्यात अडकून बाळाच्या पायाच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळला जाऊ शकतो आणि बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून मोजे उलटे करून झटका, बाळाला घेताना केस बांधा, आणि आंघोळ घालताना हातापायाची बोटं आणि मुलाचं लिंगही नीट पाहा. पोट भरलेलं, दुपटं कोरडं, तरी बाळ रडायचं थांबत नसेल तर आधी मोजे काढा. बोट सुजलेलं, लाल किंवा निळसर असेल आणि केस सहज सुटत नसेल, तर घरी कात्री-ब्लेड न चालवता लगेच दवाखाना गाठा.