ईएसआर वाढलेला, सीआरपी नॉर्मल

“निमोनिया बरा होऊन दहा दिवस झाले, आईचा ईएसआर ५८ आणि सीआरपी ३, म्हणजे एक रिपोर्ट चुकीचाच ना?”

तसे नाही. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून ते दाह सुरू झाल्यावर काही तासांतच वाढते आणि दाह शमला की साधारण दर १९ तासांनी निम्मे होते. त्यामुळे ते आजची स्थिती सांगते. ईएसआर मात्र दाह थेट मोजत नाही. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच तो मोजतो. त्या पेशींना एकमेकींना चिकटवणारे फायब्रिनोजेन हे रक्तातील प्रथिन हळूहळू ओसरत असल्याने आजार गेल्यावरही ईएसआर काही आठवडे चढा राहतो. हिमोग्लोबिन ९ असेल, तर पेशी आणखी वेगाने बसतात. नागपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या लॅबमध्येही हा आकडा फुगतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

मात्र ल्युपस या स्वयंप्रतिकार आजारात दाह असूनही सीआरपी कमी राहू शकतो, आणि मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात असामान्य प्रथिनांमुळे ईएसआर वाढतो. म्हणून काही आठवड्यांनी हिमोग्लोबिनसह तपासणी पुन्हा करावी. ईएसआर तरीही उतरला नाही, तर डॉक्टर रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून पाहणारी इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी सुचवू शकतात.