दळलेली कॉफी पावडर आठ दिवसांत शिळी का होते, आणि फिल्टरसाठी घेताना दुकानदाराला काय विचारायचं

आमच्याकडे महिन्यात बरेच जण येऊन एकच सांगतात, "भाऊ, मागच्या वेळची कॉफी मस्त होती, या वेळी तुम्ही ब्लेंड बदलला का?" ब्लेंड तोच असतो. विचारलं की कळतं, एक किलो दळून नेलेली, तीन आठवडे झाले, अजून तोच डबा चालू आहे. म्हणून हा कागद छापला.

अख्ख्या दाण्यात सुगंध बराच बंद राहतो. दळला की एका दाण्याचे शेकडो कण होतात आणि सगळीकडून हवा लागते. रोस्टिंगच्या वेळी आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याच्यासोबत सुगंधही उडतो, आणि दाण्यातल्या तेलाला हवा लागून ते खवट व्हायला लागतं. त्यातला बराचसा सुगंध तर दळल्यावर पहिल्या काही तासांतच जातो, म्हणून दळताना दुकानात जो घमघमाट येतो ना, तो खरं तर तुमच्या कपातून कमी झालेला असतो. सीलबंद पाकीट थोडं टिकतं, पण उघडलं की दर वेळी डब्यात ताजी हवा जाते, आणि डबा जितका रिकामा तितकी आत हवा जास्त.

फसवणूक कुठे होते माहितीये? रंगात. कॉफीत मिसळलेल्या चिकोरीमुळे डिकॉक्शन शेवटपर्यंत काळंभोर येतं, त्यामुळे पावडर गेलीय हे डोळ्यांना कळत नाही. चव फिकी लागली की माणूस एक चमचा जास्त टाकतो, मग नुसता कडूपणा वाढतो, वास काही परत येत नाही. ओळखायचं असेल तर फिल्टरमध्ये पावडरवर थोडंसंच गरम पाणी ओता, ताजी असेल तर फुगते, बुडबुडे येतात, शिळी असेल तर चिखलासारखी गप्प बसते. (चिकोरी जास्त असेल तर ताजीसुद्धा कमीच फुगते, तेवढं लक्षात ठेवा.)

आपल्या नागपुरात अजून एक भानगड आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि वरून कूलर दिवसभर चालू. कूलरची हवा दमट, चिकोरी ओलावा पटकन ओढते, मग पावडरच्या गाठी होतात आणि फिल्टर तुंबतो, आणि फोन आम्हाला येतो. मग काही जण डबा फ्रिजमध्ये ठेवतात आणि रोज सकाळी बाहेर काढून उघडतात, त्याने उलट होतं, गार पावडरवर बाहेरच्या हवेतलं पाणी बसतं. फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर छोट्या सीलबंद पुड्या करा, एक पुडी एकदाच काढा, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग फोडा, परत आत ठेवू नका.

हिशोब साधा आहे. घरी दोघं जण, दिवसाला मिळून २० ग्रॅम पावडर लागते असं धरा, तर २५० ग्रॅम बारा दिवस जाते. तीसुद्धा एका डब्यात नको, अर्धी छोट्या घट्ट डब्यात काठोकाठ भरा, अर्धी सीलबंद राहू द्या, म्हणजे उघडा डबा सहा दिवसांतच संपतो. एक किलो म्हणजे पन्नास दिवस. म्हणून आता आम्ही एका वेळी पाव किलोच्या वर दळून देत नाही. लोकांना वाटतं नखरे आहेत, पण जास्त विकायला आम्हाला काय वाईट वाटलं असतं? अख्खे दाणे हवे तितके न्या.

आता दुकान कुठलंही असो, आमचं असो की दुसरं, दाणे कधी रोस्ट केले ते विचारा, पॅकिंगची तारीख सांगितली तर ती वेगळी गोष्ट आहे. चिकोरी किती टक्के तेही विचारा, नियमाने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि पाकिटावर प्रमाण लिहिलेलं हवं. आणि मुख्य म्हणजे समोर दळून मागा, सुरुवातीची थोडी पावडर बाजूला काढायला सांगा कारण ग्राइंडरमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाची शिल्लक अडकलेली असते.

नुसतं "फिल्टरची द्या" म्हणू नका, कुठला फिल्टर ते सांगा. पितळेचा किंवा स्टीलचा दोन मजली असेल तर पावडर बारीक रव्याहून जरा बारीक लागते, फ्रेंच प्रेसला बरीच जाड. पाणी पाचच मिनिटांत सगळं खाली आलं तर जाड झालीय, तासाभराने पण वरच उभं असेल तर फार बारीक झालीय किंवा तुम्ही चकती फार दाबलीय. असं झालं तर उरलेली पावडर घेऊन या, चिमूटभर बघून पुढच्या वेळचं सेटिंग वहीत तुमच्या नावापुढे लिहून ठेवतो.

दळलेली पावडर गरम असते, लगेच सील केली तर आतल्या आत घाम धरते, म्हणून थोडा वेळ थांबावं लागतं. थांबायचं नसेल तर निघताना फोन करा, गाडी लावेपर्यंत थंड करून पाकीट तयार ठेवतो.