‘मांजा कच्चा निघाला’ म्हणण्याआधी तुटलेलं टोक घेऊन या

येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत आमच्या दुकानात एकच वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं: ‘शेठ, मांजा कच्चा निघाला.’ म्हणून आता गल्ल्याशेजारी एक भिंग ठेवलं आहे. मांजा गुंडाळलेली आसारी आणा आणि पतंगाचा दोरा जिथे तुटला ते टोकही आणा. टोक असलं की दोन मिनिटांत उलगडा होतो. ते फेकून देऊन नुसता राग घेऊन आलात, तर आम्हालाही काही कळत नाही.

टोक दोन तऱ्हेचं असतं. कात्रीने छाटल्यासारखं आखूड आणि स्वच्छ असेल, तर समोरच्याने काटलंय. टोकाला कापसाचे लांब रेशे सुटून झाडूसारखं झालं असेल, तर दोरा ताणाने तुटलाय. अशा वेळी गाठीजवळ तुटला का तेही बघावं, कारण गाठीत दोरा आधीच कमजोर होतो. रेशे सुटले आहेत आणि जवळपास गाठही नाही, अशी नवी आसारी आम्ही काही न बोलता बदलून देतो.

गेल्या संक्रांतीला एक पोरगा सकाळीच तीन पतंग घालवून आला. तिन्ही टोकं स्वच्छ होती, पण रंग पांढरा! आमचा मांजा गुलाबी. म्हणजे काटला गेला तो मांजा नव्हताच, मागे जोडलेला साधा दोरा होता. पैसे वाचवायला त्याने शंभर वार मांजा घेऊन बाकीची सगळी आसारी साध्या दोऱ्याने भरली होती. पतंग लांब गेला की मांजा सगळा पतंगाजवळ राहतो आणि हाताकडे नुसता साधा दोरा उरतो. समोरचा पतंग खालून आला, तर पेच बरोबर त्या साध्या दोऱ्यावर लागतो. दरवर्षी आमचा निम्मा वेळ हेच समजावण्यात जातो. निदान तीनशे वार मांजा भरा, आणि जोडाची गाठ आसारीतून बाहेर पडू लागली की ढील थांबवून पतंग जवळ घ्या. जास्त मांजा खपवायला सांगतोय असं वाटेल, थोडं खरंही आहे. पण तीन पतंगांची किंमत जोडून बघा.

दुसरी गोष्ट हाताची. पेच लागल्यावर हात थांबला की समोरचा मांजा तुमच्या एकाच जागेवर करवतीसारखा घासतो. ढील देत राहिलात किंवा सलग खेचत राहिलात, तर घासणारी जागा बदलत राहते. पेच जिंकल्यावरही पुढचा पट्टा बोटाने नव्हे, जुन्या कापडाने चाचपा. गुळगुळीत लागला तर काच झिजलीय. तेवढा तोडून टाका आणि पतंगाचं मंगळसूत्र ताज्या मांजावर बांधा.

आमच्या गच्चीवरच्या सामन्यांचे नियम थोडेच आहेत. एकास एक पेच. दोन्ही पतंग ठरलेल्या उंचीवर गेल्याशिवाय भिडायचं नाही. दोन्ही एकदम कटले तर पेच पुन्हा. तिसऱ्याने मध्ये पतंग घातला तर तो बाद. दोऱ्याला दगड बांधून लंगड टाकणारा दिवसभरासाठी बाहेर. नायलॉन असल्याचा संशय आला तर दोरा काडीवर धरून बघतो: सुती जळून राख होतो, नायलॉन वितळून गोळा होतो. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. आम्ही तो ठेवत नाही, मागूही नका. दिल्लीत तर काच लावलेल्या सुती मांजालाही बंदी आहे, तेव्हा पाहुण्यांसाठी बाहेरगावी न्यायचा असेल तर तिथल्या पोलिसांचा यंदाचा आदेश आधी बघा. शंका असेल तर साधा दोरा न्या, तोही आमच्याकडे आहे.

सुती मांजाही बोट कापतो. दोन्ही तर्जनींच्या पहिल्या पेरावर चिकटपट्टीचे दोन वेढे घ्या (पट्टी आसारीबरोबर फुकट देतो). पळता मांजा मुठीत धरून थांबवायचा नाही, आसारी धरणाऱ्याने आसारी आवळायची. कटलेल्या पतंगाचा लोंबता मांजा उघड्या हाताने पकडू नका, दुसऱ्या टोकाला कोणीतरी तो खेचत असतो. रस्त्यावर आडवा पडलेला दिसला तर आधी तो उचला, दुचाकीवाल्याच्या गळ्याशी येतो. विजेच्या तारेतला पतंग सोडून द्या, ओला दोरा वीज वाहतो. पहाटे आणि दिवस मावळताना पक्षी थव्याने उडतात, त्या वेळी आम्ही सामने ठेवत नाही.

करीच्या दुसऱ्या दिवशी उरलेला, गुंतलेला मांजा पुठ्ठ्यावर गुंडाळून आणा. आम्ही तो गोळा करून घेतो, आणि रिकामी आसारी परत दिलीत तर पुढच्या वर्षी भरणावळीत सूट धरतो.