फरकाचा तक्ता

सहज गल्लत होणाऱ्या दोन संकल्पना एकाच निकषांवर समोरासमोर मांडणारा तक्ता. परीक्षेतल्या ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नामुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र बहुतेक वह्यांमध्ये तो दोन स्वतंत्र टिपणे शेजारी-शेजारी लिहिल्यासारखा असतो. डावीकडे ‘दोन पेशी तयार होतात’ आणि त्याच ओळीत उजवीकडे ‘विविधता निर्माण होते’, अशी मांडणी दिसली की निकष ठरवलेलाच नाही, हे ओळखावे. म्हणून निकषांचा स्तंभ आधी भरतात आणि प्रत्येक निकष प्रश्नासारखा लिहितात.

सूत्री आणि अर्धगुणसूत्री या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांतली खरी गल्लत दोन स्तंभांच्या तक्त्यात दिसतच नाही. अर्धगुणसूत्री विभाजनाचा दुसरा टप्पा कृतीने सूत्री विभाजनासारखाच असतो. त्यामुळे त्याचे दोन टप्पे वेगळे मांडावे लागतात. चार गुणसूत्रांच्या, म्हणजे आई-वडिलांकडून एकेक आलेल्या गुणसूत्रांच्या दोन समजात जोड्या असलेल्या पेशीसाठी तक्ता असा होतो:

| निकष | सूत्री | अर्धगुणसूत्री, टप्पा १ | अर्धगुणसूत्री, टप्पा २ |
|---|---|---|---|
| सुरुवातीला पेशीत किती गुणसूत्रे? | ४ | ४ | २ |
| मध्यभागी कशी रांगतात? | एकेकटी | जोडीने | एकेकटी |
| वेगळे काय होते? | क्रोमॅटिड | समजात गुणसूत्रे | क्रोमॅटिड |
| शेवटी प्रत्येक पेशीत किती? | ४ | २ | २ |

सगळा भार तिसऱ्या ओळीवर आहे. पहिल्या टप्प्यात जोडीदार दुरावतात, म्हणून संख्या निम्मी होते. दुसऱ्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती, म्हणजे क्रोमॅटिड, दुरावतात, म्हणून ती तेवढीच राहते. ‘दुसऱ्या टप्प्यात संख्या पुन्हा निम्मी’ असे कोणी लिहिले, तर चूक याच ओळीत शोधावी. पहिल्या ओळीचाही उपयोग आहे. गुणसूत्रे एकेकटी रांगलेली असतील, तर चित्र सूत्री विभाजनाचे की दुसऱ्या टप्प्याचे, हे पेशीत समजात जोडीदार हजर आहे का यावरून कळते.

‘कुठे होते?’ ही लोकप्रिय ओळ जपून लिहावी. ‘सूत्री शरीरपेशींत, अर्धगुणसूत्री जननपेशींत’ हे अपुरे आहे, कारण वृषणातल्या आद्य जननपेशी आधी सूत्री विभाजनानेच वाढतात. ‘चार पेशी तयार होतात’ यालाही पुस्ती लागते: अंडजननात एकच मोठे अंडे उरते, बाकीच्या ध्रुवीय पेशी लहान राहून नष्ट होतात.

कायद्यातल्या जोड्यांमध्ये अशी भार पेलणारी ओळ बहुधा ‘कोणाला अडवते?’ ही असते. प्राङ्न्याय निकाली निघालेला वाद पुन्हा चालवण्यापासून न्यायालयाला अडवतो, तर विबंध पक्षकाराला स्वतःच्याच आधीच्या कथनाविरुद्ध जाण्यापासून अडवतो. दोन्हींच्या सीमेवर वाद-मुद्द्याचा विबंध येतो, म्हणजे आधी निर्णय झालेला एखादा मुद्दा त्याच पक्षकारांना पुन्हा उकरू न देणारा विबंध. तो एका स्तंभात कोंबण्यापेक्षा तक्त्याखाली टीप म्हणून लिहिलेला बरा.

तक्ता तपासायचा तर स्तंभांची शीर्षके झाकून कोणतीही एक ओळ वाचावी. एकही स्तंभ ओळखता आला नाही, तर ती ओळ फरक सांगत नाही, साम्य सांगते. तिची जागा तक्त्याबाहेर.