अंगठ्याचा पट्टा आणि आयफोनची बटणे

स्वारगेटकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करताना एक हात दांड्याला अडकलेला असतो. फोन दुसऱ्या हातात, म्हणजे खरे तर त्या हाताच्या अंगठ्याच्या भरवशावर. गेल्या महिन्यात असाच बोलत होतो, तेवढ्यात हॉटस्पॉट चालू करायची वेळ आली. आयफोनच्या वरच्या कोपऱ्यातून खाली ओढले की येणारे झटपट बटणांचे पॅनेल, म्हणजे कंट्रोल सेंटर, उघडले, खड्डा आला आणि अंगठा शेजारच्या विमानाच्या चिन्हावर पडला. फोन कट. वर कंडक्टरचा आवाज, “दादा, दांडा धरा आधी!”

चूक खड्ड्याची होतीच, पण बटणांच्या जागेचीही होती. आयओएस १८ येईपर्यंत तिच्यावर फारसा इलाज नव्हता. सेटिंग्जमधून फक्त खालची छोटी बटणे मागेपुढे करता येत. वाय-फाय-विमान हा वरचा चौकोन, गाण्यांचा चौकोन आणि आवाज-उजेडाच्या पट्ट्या जागच्या हलत नसत. २०२४ मध्ये आयओएस १८ ने ही बंधने काढली. त्यामुळे बटणे नेमकी कुठे न्यायची हा प्रश्न आता आपल्यापुढे आहे. उत्तर बहुतेक लोक ‘खाली’ असे देतात, आणि ते अर्धेच बरोबर आहे.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, घोड्याच्या खोगिरासारखा बाक असलेला सांधा असतो. त्यामुळे अंगठा पुढेमागेही हलतो आणि आडवाही, पण मूळ जागचे सुटत नाही. फोन उजव्या हातात धरला की हे मूळ पडद्याच्या उजव्या कडेबाहेर, खालच्या अर्ध्या भागाजवळ येते. तिथून अंगठा दारासारखा फिरतो आणि पडद्यावर एक कमान काढतो. पडदा स्वच्छ पुसा, बंद करा, डोळे मिटून अंगठा चार-पाच वेळा सहज फिरवा, मग फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरा. तेलकट डागांचा एक पट्टा दिसेल. उजवा हात वापरणाऱ्यांचा पट्टा साधारणपणे खालच्या डाव्या बाजूकडून वर उजवीकडे वळत जातो. गंमत म्हणजे अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात डाग फारसे नसतात, कारण तिथे पोचायला अंगठा आत दुमडावा लागतो. म्हणजे ‘जितके खाली तितके सोपे’ हे खरे नाही.

बटण गाठायला किती वेळ लागेल याचा एक जुना हिशेब आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी तो १९५४ मध्ये मांडला. अंतराची दुप्पट करायची, तिला बटणाच्या रुंदीने भागायचे आणि ती संख्या मिळवायला २ चा कितवा घात लागतो ते पाहायचे. ती त्या हालचालीची अवघडता. कंट्रोल सेंटरमधले छोटे गोल बटण सुमारे ११ मिलिमीटरचे धरू. अंगठ्यापासून ते २२ मिलिमीटरवर असेल तर ४४ भागिले ११ म्हणजे ४, आणि अवघडता २. तेच ८८ मिलिमीटरवर असेल तर १६, आणि अवघडता ४. अंतर चौपट झाले, पण अवघडता दुप्पटच. वाचायला बरे वाटते ना?

पण अंगठ्याच्या बाबतीत हे गणित एका जागी तुटते. ६.१ इंची पडदा सुमारे १४१ मिलिमीटर उंच आणि ६५ मिलिमीटर रुंद असतो. डाग संपतात त्याच्या पलीकडचे बटण गाठायला नुसता जास्त वेळ लागत नाही, मुळात अंगठा पोचतच नाही. मग पकड सोडून फोन तळहातावर खाली सरकवावा लागतो आणि करंगळीच्या आधारावर तो क्षणभर तोलला जातो. फोन पडतो तो बहुधा याच क्षणी. बटणाचा आकार इथे अडचण नाही. एका हाताने फोन वापरणाऱ्यांवर २००६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात अंगठ्यासाठी सुमारे ९.२ मिलिमीटरचे लक्ष्य पुरेसे ठरले होते. ११ तर त्याहून मोठे आहे.

आता खरी मेख. बटणे तुम्ही अंगठ्याजवळ आणलीत, पण कंट्रोल सेंटरचे दार अजून वरच्या उजव्या कोपऱ्यातच आहे. तिथून खाली ओढायला अंगठा आधी वर ताणावा लागतो, म्हणजे पकड बदललीच. जो त्रास वाचवायचा होता तो आपण उंबरठ्यावरच भोगला. म्हणून मी आधी दार हलवले. Settings > Accessibility > Touch > Back Tap इथे जाऊन Triple Tap साठी Control Center निवडले. आता फोनच्या पाठीवर बोटाने तीनदा टकटक केली की पॅनेल उघडते आणि अंगठा आपल्या जागीच राहतो. आधी Double Tap ठेवले होते, पण आमच्या रस्त्यांवर ते टिकले नाही. बस दोनदा आदळली की पॅनेल आपोआप उघडायचे. जाड कव्हर असेल तर टकटक पोचत नाही, तेव्हा Reachability वापरायचे. तेही त्याच Touch च्या पानावर आहे. पडद्याच्या खालच्या कडेवर बोट खाली ओढले की वरचा भाग निम्म्यावर उतरतो, आणि कोपरा हाताशी येतो.

त्यानंतर बटणे. पॅनेल उघडून वर डावीकडचे + दाबले की सगळी बटणे थरथरू लागतात. मग ती ओढून हव्या त्या घरात ठेवायची. रुंदीला चार घरे असतात. एक बटण हलवले की शेजारची सरकतात, पहिल्यांदा वैताग येतो. मी म्हणून खालची घरे आधी भरली, वरची नंतर.

कुठले बटण कुठे, हे ठरवायला मी चार दिवस पाकिटातल्या तिकिटाच्या मागे रेघा मारल्या. हॉटस्पॉट आणि टॉर्च पुढे निघाले, मग लो पॉवर मोड, मग पडदा फिरू न देणारे कुलूप. Add a Control च्या यादीतून हॉटस्पॉटचे सुटे बटण घेतले आणि या चौघांना पट्ट्याच्या मधल्या भागात, दुसऱ्या-तिसऱ्या घरात, तळापासून एक ओळ सोडून बसवले. तळाची ओळ मुद्दाम टाळली, कारण पॅनेल मिटवायला तिथूनच वर सरकवतो आणि बोट निसटले तर बटण दाबले जाते. गाण्यांचा मोठा चौकोन वर नेला. विमानाचा गटही वर डावीकडे, जिथे अंगठा सहजी जात नाही. काही बटणांसाठी लांब असणे हीच सोय असते.

एक गोष्ट मात्र आठवडाभर छळत होती. घरी कोपऱ्यातून पॅनेल ओढताना हात लांबला की पुढचेच पान उघडायचे, नुसते गाण्यांचे. ओढत राहिले की पाने एकामागून एक येतात, तशी त्याची रचनाच आहे. मला ती जादा पाने नकोच होती. त्यांवरची बटणे एकेक − दाबून काढली, पाने गेली. फारच घोळ झाला असता तर Settings > Control Center > Reset Control Center होतेच.

आणि सवय? पहिले तीन-चार दिवस अंगठा जुन्याच जागी जात होता, टॉर्चऐवजी भलतेच काही लागायचे. म्हणून मधे पुन्हा एक बदल सुचला तरी मी हात लावला नाही. बायकोने फोन घेतला तेव्हा वेगळेच निघाले. ती डावखुरी. तिच्या डागांचा पट्टा आरशातल्यासारखा उलटा आला, आणि वर डावीकडे लपवलेले विमान तिच्या अंगठ्याच्या माझ्यापेक्षा खूपच जवळ होते. तिच्या फोनवर आम्ही तो गट उजव्या कोपऱ्यात नेला.